सरमिसळ सराव आणि शिकाऊ परवान्याची चाचणी

मोटार वाहन चालविण्याचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी उमेदवारास एक वस्तुनिष्ठ चाचणी द्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये तीत वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये, पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकावरील दक्षता आणि वाहनासोबत बाळगावयाची कागदपत्रे यांविषयी प्रश्न असतात. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात.

बहुतेक उमेदवार पुस्तिकेतील एक प्रकरण संपवूनच दुसऱ्यास हात घालतात. ही रीत शिस्तशीर वाटते. परंतु तीत एक उणीव आहे. मनाई करणाऱ्या चिन्हांचे प्रकरण वाचीत असता प्रत्येक उत्तर 'मनाई' हेच असणार, हे मथळ्यावरूनच कळते. उमेदवार मग केवळ आतील चित्र पाहतो. चाचणीत मात्र मथळा नसतो, आणि चिन्ह कोणत्या जातीचे हे ओळखणे हेच मुख्य काम होऊन बसते.

उदाहरणार्थ, डावीकडे वळलेला बाण घ्या. निळ्या वर्तुळात पांढरा बाण असेल, तर डावीकडे वळणे सक्तीचे आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल कडेचे वर्तुळ, काळा बाण आणि त्यावर तिरपी लाल रेघ असेल, तर तेच वळण निषिद्ध आहे. त्याचप्रमाणे निळ्या पार्श्वभूमीवरील लाल कडेच्या वर्तुळात एक तिरपी लाल रेघ असल्यास वाहन उभे करून ठेवण्यास मनाई असते. दोन रेघांची फुली असल्यास क्षणभर थांबण्यासही मनाई असते. ही चिन्हे निरनिराळ्या दिवशी पाठ केली, तर प्रत्येक सोपे वाटते. एकामागून एक समोर आली, म्हणजेच रंग, कड व रेघा यांतील भेद डोळ्यांत भरतो.

नियमांचेही तसेच आहे. 'वाट कोणी कोणास द्यावी' या एकाच प्रश्नाची उत्तरे प्रसंगानुसार बदलतात. नियंत्रण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनास, अरुंद घाटरस्त्यावर चढ चढणाऱ्या वाहनास आणि झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्यास वाट द्यावयाची असते. हे प्रश्न विखरून आले, म्हणजे उमेदवारास आधी प्रसंग ओळखावा लागतो व मग नियम आठवावा लागतो.

अमेरिकेतील रोहरर व टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचे घनफळ काढण्यास शिकविले. सरावाच्या वेळी एकेक प्रकार संपविणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, तर सरमिसळ करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र पहिल्या गटाचे प्रमाण २० टक्क्यांवर घसरले. दुसऱ्याचे ६३ टक्के राहिले.

सराव पुढीलप्रमाणे करावा. प्रथम प्रत्येक प्रकरण एकदा समजून वाचावे; ज्याचा मुळीच परिचय नाही, त्याची सरमिसळ केल्यास गोंधळच वाढतो. नंतर प्रत्येक प्रकरणातील सहा, याप्रमाणे चार प्रकरणांचे चोवीस प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहावेत व पाठीमागे उत्तर नोंदवावे. चिठ्ठ्या पिसून एकेक उचलावी आणि एकाच प्रकरणाच्या दोन लागोपाठ आल्यास दुसरी तळाशी सारावी. उत्तर मनाशी निश्चित केल्यावरच चिठ्ठी उलटावी. चूक झाल्यास केवळ खूण न करता कशाची कशाशी गल्लत झाली, ते लिहावे. उदाहरणार्थ, 'एक रेघ व फुली'. गल्लत झालेल्या दोन्ही चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात पुन्हा घालाव्यात, इतर काही बदलाव्यात. दररोज त्याच चिठ्ठ्या वापरल्यास उमेदवार नियमाऐवजी चिठ्ठीच ओळखू लागतो.

या पद्धतीत पहिले काही दिवस चुका अधिक होतात आणि पुष्कळजण तेथेच ती सोडून देतात. परंतु त्या दिवशीचे गुण हे प्रगतीचे माप नव्हे. आठवडाभर पुस्तिका न उघडता नवे प्रश्न सोडवावेत. त्या वेळी येणारी बरोबर उत्तरेच खरी तयारी दर्शवितात.

मात्र सरमिसळीचा मुख्य लाभ परस्परांशी साम्य असलेल्या गोष्टींत होतो. ज्यांची गल्लत होण्याचा संभव नाही, असे विषय एकत्र केल्याने तो लाभ होईलच असे नाही. कागदपत्रांची यादी स्वतंत्रपणे पाठ केली तरी चालते; चिन्हे व वाट देण्याचे नियम मात्र एकत्र पिसूनच पक्के होतात. रस्त्यावरही ती प्रकरणवार समोर येत नाहीत.