सौजन्य लिहिलं म्हणजे परवानगी मिळत नाही

अगं, शहागडच्या तुझ्या ब्लाउजच्या दुकानाची दसऱ्याची पोस्ट टाकण्याआधी माझं थोडं ऐक. पैठणीच्या फोटोखाली तू ‘सौजन्य: गूगल’ लिहिलंयस, ते आधी काढ. गूगल फक्त फोटो शोधून दाखवतं. मालक दुसराच असतो, आणि त्याचं नाव लिहिलं तरी त्याची परवानगी मिळाली असं होत नाही. शिवाय दुसऱ्याने शिवलेल्या ब्लाउजचा फोटो तुझ्या दुकानाच्या नावाने लावलास, तर गिऱ्हाइकाला ते तुझंच काम वाटेल. ती फसवणूक होते गं.

त्यापेक्षा तू शिवलेला ब्लाउज दारातल्या उजेडात धर आणि मोबाइलवर फोटो काढ. तो फोटो तुझाच. नवरीचा लग्नातला फोटो हवा असेल तर तिलाच विचार. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून तिच्या घरच्यांचा होकार व्हॉट्सॲपवर लेखी घे, आणि ‘दुकानाच्या जाहिरातीसाठी’ हे शब्द त्यात असू देत. फोटोग्राफरशी काही वेगळं ठरलं होतं का, तेही विचार, आणि त्याचं नाव आवर्जून लिही.

आता गाणं. इन्स्टाग्रामवर मैत्रिणीच्या खात्यात दिसणारं सिनेमाचं गाणं तुझ्या व्यवसायाच्या खात्यात दिसत नाही, कारण त्या गाण्यांची परवानगी घरगुती वापरापुरती असते. म्हणून वैयक्तिक खात्यावरून दुकानाची जाहिरात करायची पळवाट काढू नकोस. रीलचा आवाज बंद होतो किंवा रीलच काढली जाते. ‘पंधरा सेकंद चालतात’ असं लोक सांगतात, पण कायद्यात तशी सूट नाही. Meta Sound Collection मधलं संगीत घे. मात्र ते फेसबुक-इन्स्टाग्रामपुरतंच आहे, तीच रील यूट्यूबवर टाकू नकोस. तुकोबांचा अभंग पारंपरिक चालीत तू स्वतः गायलीस तरी चालेल. अभंगावर आता कुणाचा हक्क नाही, पण एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणावर असू शकतो.

सुविचाराचंही तसंच. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ती वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2011 पासून खुलं आहे. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, त्यांच्या कवितांवर 2059 अखेरपर्यंत हक्क आहे. आणि व्हॉट्सॲपवर पु. ल. किंवा व. पुं.च्या नावाने फिरणारं वाक्य मूळ पुस्तकात सापडलं नाही, तर त्यांचं नाव घालू नकोस. दोन ओळी तूच लिही ना, तुझ्या शिवणकामाबद्दल तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

फोटो कुणाचा, गाणं कुठलं, परवानगी कुणी आणि कधी दिली, हे प्रत्येक पोस्टमागे वहीत लिहून ठेव. उद्या कुणी विचारलं तर तीच वही पुढे करता येईल.