जेवण नाही, गोळी नाही

मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. डॉक्टर जे बोलतात ते हातांनी सांगायचं आणि रुग्ण हातांनी जे सांगतो ते बोलून दाखवायचं, हे माझं काम. दवाखान्यात मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर. त्यातली एक हकीकत सविस्तर सांगते, कारण तिच्यात कोणाचाही हलगर्जीपणा नव्हता.

पन्नाशीचे एक गृहस्थ कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करतात. जन्मापासून ऐकू येत नाही, बधिरांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मधुमेह निघाला तेव्हा ते घराजवळच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी घाई न करता, सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून दिलं : ‘ही गोळी रोज सकाळी नाश्त्याबरोबर घ्यावी. काही कारणाने जेवण होणार नसल्यास गोळी घेऊ नये.’ ‘समजलं ना?’ असं खुणेनं विचारलं. काकांनी मान डोलावली.

गोळी ग्लिमेपिराइडची होती. ती शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. पुढे संकष्टी आली. काकांचा चंद्रोदयापर्यंत कडक उपास. सकाळी त्यांनी नेमानं गोळी घेतली. दुपारी मशीनवर घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरू लागले. आता हात हीच ज्यांची वाणी, त्यांचे हात थरथरले की बोलणंही अडखळतं. शेजारच्या सहकाऱ्यांना वाटलं, गडी आज पिऊन आलाय. सुदैवानं मुकादमाच्या घरी मधुमेहाचा रुग्ण होता. त्यानं ओळखलं आणि साखरपाणी पाजलं.

नंतर तो कागद मी पाहिला. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून काकांना विचारलं, इथे काय लिहिलंय? त्यांनी हातांनी सांगितलं : जेवण नाही, गोळी घ्या. त्या वाक्यात त्यांना भेटलेले शब्द एवढेच होते. ‘नसल्यास’ आणि ‘घेऊ नये’ यांतली गोम शब्दांच्या शेपटांत लपलेली असते. आपण ती लहानपणापासून कानांनी ऐकत आलेलो असतो, म्हणून वाचताना अडत नाही. त्यांच्यासाठी मराठी ही न ऐकता शिकलेली दुसरी भाषा आहे. त्यांच्या हातांच्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय नाहीत. नकार साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतो आणि सोबत मान हलते. काका बसच्या पाट्या वाचतात, पगाराचा हिशेब तपासतात, व्हॉट्सअॅपवर निरोप धाडतात. त्यामुळे ‘वाचता येतं’ म्हणताना डॉक्टरांचं चुकलं असंही नाही. आणि सगळ्याच बधिर माणसांचं असं होत नाही. काहींची लिखित मराठी माझ्यापेक्षा चांगली आहे. म्हणून आधी अंदाज न बांधता विचारावं : तुम्हाला कसं सोपं पडेल?

आता ते ज्या दवाखान्यात जातात तिथली पद्धत सांगते. वेळ निरोपावर ठरते आणि दुप्पट वेळ राखून ठेवतात. मी थोडी आधी पोचून काकांशी चार गप्पा मारते. गप्पांपेक्षा त्यांच्या खुणा पाहायच्या असतात, कारण गावागावांत, शाळाशाळांत खुणा बदलतात. शाळेत न गेलेल्या, फक्त घरच्या खुणा जाणणाऱ्या रुग्णासाठी माझ्याबरोबर एक बधिर दुभाषीही लागतो.

आत मी डॉक्टरांच्या बाजूला, किंचित मागे बसते. काकांना एकाच नजरेत डॉक्टरांचा चेहरा आणि माझे हात दिसले पाहिजेत. डॉक्टरांच्या पाठीमागे उजेडाची खिडकी असेल तर दोन्ही काळे दिसतात, तेव्हा खुर्ची फिरवायची. आमच्या भाषेत अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं, म्हणून मी मास्क लावत नाही. लावावाच लागला तर पारदर्शक. डॉक्टरांनी ‘त्यांना विचारा, पोट दुखतं का’ असं मला म्हणायचं नाही. काकांकडे पाहून ‘पोट दुखतं का?’ विचारायचं. त्या खोलीत बोललेलं सगळं मी सांगते, मधे आलेला फोनसुद्धा. बाहेर त्यातलं काही नेत नाही. घरच्या मुलीला दुभाषी करू नये ते याचसाठी. बापाच्या लघवीच्या तक्रारी अकरा वर्षांची पोर कशी सांगणार? ती गाळते, आणि बापही तिच्यापुढे गाळतो.

तपासणीच्या वेळी एक गोष्ट हमखास विसरली जाते. टेबलावर आडवं केलं की रुग्णाला मी दिसत नाही. उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला किंवा त्या हातात सलाईनची सुई टोचली की त्याचं बोलणंच बंद होतं. म्हणून काय करणार ते आधी सांगायचं, मग आडवं करायचं आणि सुई शक्यतो दुसऱ्या हातात टोचायची.

काकांच्या बाबतीत खरा पेच वेगळाच निघाला. ‘साखर कमी होणं धोक्याचं’ असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी ते तसंच सांगितलं तर काका हसले; साखर कमी करायलाच तर गोळी दिली होती! मी मॅडमना थांबवून म्हटलं, हे अंगाला काय होतं ते धरून सांगा. मग घाम, थरथर, एकाएकी भूक, चक्कर हे एकेक दाखवलं. असं झालं की काम थांबवून बसायचं, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा प्यायची. बरं वाटलं की काहीतरी खायचं, उपास असला तरी.

‘समजलं का?’ हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. मान सगळेच डोलावतात, ऐकू येणारेसुद्धा. मॅडमनी विचारलं, ‘पुढच्या संकष्टीला सकाळी काय करणार?’ काकांनी गोळीची खूण केली, मग थांबले, मान हलवून ती पुसली आणि सांगितलं : उपास, गोळी नाही. मॅडमनी त्यात भर घातली : उपास करायचाच असेल तर आधी येऊन विचारा.

कागद आम्ही सर्वांत शेवटी लिहिला. एका ओळीत एकच गोष्ट, ‘तर’, ‘नसल्यास’, ‘किंवा’ नाही :

सकाळी नाश्ता केला. गोळी १.
नाश्ता नाही. गोळी नाही.

शेजारी भरलेल्या ताटाचं आणि फुली मारलेल्या ताटाचं चित्र. काकांनी तो वाचून हातांनी परत सांगितला, तेव्हाच शिक्का बसला.

लांब वाक्यांची मराठीही आम्ही लिहिली, पण ती ऐकणाऱ्यांसाठी. खिशातल्या कार्डावर आहे : ‘मला ऐकू येत नाही. मला मधुमेह आहे. घाम येऊन हात थरथरत असतील तर मी प्यालेलो नाही, मला साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच रुग्णालयात न्या.’ मुकादमाकडे त्याची एक प्रत आहे.

दुभाषी दरवेळी मिळतोच असं नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दुभाष्यांचं प्रशिक्षण होतं, दिल्लीत २०१५पासून सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय केंद्र आहे, तरी आम्ही गरजेच्या मानानं फार थोडे. साध्या फेरतपासणीला व्हिडिओ कॉल चालतो. फोन स्टँडवर ठेवून माझे दोन्ही हात कमरेपासून दिसले की पुरे. शस्त्रक्रियेची संमती घेताना किंवा वाईट बातमी सांगताना मात्र मी कॉलवर काम घेत नाही. चित्र मधेच अडकलं तर नेमका नकार निसटतो. रात्री-अपरात्री कोणीच मिळालं नाही तर छोटी वाक्यं लिहावीत, दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला लावावं, आधीचे कागद मागावेत आणि तातडीचं नाही ते सकाळवर ठेवावं. काकांच्या केसपेपरवर वरच लाल अक्षरात माझा नंबर आणि त्याखाली दुसऱ्या दुभाषीचाही लिहिलेला आहे.