मंगळवारची ड्युटी तुम्ही करा, शुक्रवारची मी करतो : शिफ्टची अदलाबदल मागायची कशी?



आजचा धडा दिसायला छोटा आहे, पण दोन-चार माणसं कामाला असलेल्या प्रत्येक दुकानात तो महिन्यातून एकदा तरी येतोच. एका माणसाला एक दिवस मोकळा हवा असतो. तो सोबतच्या माणसाला म्हणतो, "माझी ड्युटी कर, तुझी मी करीन." हे नीट मागितलं तर मालकाला काही करावंच लागत नाही. नीट मागितलं नाही तर त्या दिवशी काउंटरवर कुणीच नसतं आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

तुमच्यापैकी बरेच जण आज कुठेतरी नोकरी करून स्वतःच्या दुकानाची तयारी करताय. म्हणजे आज तुम्ही मागणारे आहात, उद्या मंजुरी देणारे असाल. म्हणून दोन्ही बाजूंनी बघू.

एक उदाहरण घेऊ

समजा, नव्या जालन्यात एक किराणा आणि जनरलचं मोठं दुकान आहे. दुपारी १ ते रात्री ९ या शिफ्टला काउंटरवर दोन माणसं आळीपाळीने असतात. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, म्हणजे प्रत्यक्ष काम साडेसात तास. एक जण तरुण मुलगा, त्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. दुसरे जरा वयाने मोठे, त्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांची सुट्टी मंगळवारी.

येत्या मंगळवारी अंगारकी चतुर्थी आहे. मुलाला आईला घेऊन राजूरच्या गणपतीला जायचंय. अंगारकीला राजूरला गर्दी किती असते हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दर्शन घेऊन १ वाजता काउंटरवर हजर होईन, असं धरून चालत नाही. त्याला पूर्ण दिवस हवाय. त्या दिवशी दादांची सुट्टी आहे, म्हणजे विचारायचं तर त्यांनाच.

विचारायच्या आधी एक हिशोब

मुलाच्या मनात पहिला विचार येतो, "दादांना आता करू दे, त्यांना लागेल तेव्हा मी कधीतरी करीन." इथेच गाडी अडते. "कधीतरी" ही ऑफर नसते, ती उधारी असते, आणि तिची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून परतफेडीचा दिवस विचारतानाच ठरलेला हवा.

तो दिवस कोणता? इथे आठवड्याचा हिशोब महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आठवड्यातून एक दिवस सुट्टी आहे आणि मर्यादेच्या वरच्या कामाला दुप्पट दराने पैसे आहेत. किती कामगार असलेल्या दुकानाला हा कायदा पूर्ण लागू होतो आणि रोजचे तास किती चालतात, या नियमांत बदल होत असतात, त्यामुळे आजची स्थिती कामगार कार्यालयात विचारून घ्या. तुमचं दुकान छोटं असलं तरी मोजपट्टी म्हणून हीच वापरा.

आता बघा. मुलाने त्याच आठवड्यातला शुक्रवार दिला, तर दादा मंगळवारी काम करतात आणि शुक्रवारी सुट्टी घेतात. मुलगा मंगळवारी सुट्टी घेतो आणि शुक्रवारी काम करतो. दोघांचेही सहा दिवस, साडेसात तासांप्रमाणे ४५ तास. कुणाचं काही वाढलं नाही.

पण मुलगा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात करतो," तर? या आठवड्यात दादांचे सातही दिवस काम, म्हणजे साडेबावन्न तास. ४८ च्या वर साडेचार तास गेले आणि साप्ताहिक सुट्टीही गेली. पुढच्या आठवड्यात मुलाचं तेच होणार. दोघांनी आपसात ठरवलेल्या गोष्टीतून मालकाच्या डोक्यावर दोन आठवड्यांचा ओव्हरटाइम बसतो. मालक "नाही" म्हणतो तेव्हा मुलाला वाटतं शेठ आडमुठा आहे. खरं तर दिवस चुकीचा निवडलेला असतो.

म्हणून नियम साधा: परतफेड त्याच आठवड्यात.

आणखी एक गोष्ट कागदावर मोजल्याशिवाय दिसत नाही. दादांची मागची सुट्टी मंगळवारी झाली होती, आता पुढची शुक्रवारी. मधल्या बुधवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत सलग नऊ दिवस काम होतं. मुलाचंही तसंच, बदललेल्या मंगळवारनंतर बुधवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत नऊ दिवस. एखाद्या वेळी हे चालून जातं. पण त्या नऊ दिवसांत कुणालाही डबल ड्युटी लावू नका, आणि लगेच दुसरा बदलही मंजूर करू नका.

आता विचारायचं कसं

पहिलं म्हणजे समोरासमोर किंवा फोनवर विचारा आणि नंतर लेखी टाका. नुसता मेसेज टाकला तर दादांना हुकूम सोडल्यासारखं वाटू शकतं. नुसतं तोंडी ठेवलं तर दोन दिवसांनी "मला वाटलं पुढचा मंगळवार" असं होतं. मेसेज असा असू द्या:

"दादा, मघाशी बोललो त्याप्रमाणे. येत्या मंगळवारी अंगारकीला आईला राजूरला न्यायचंय. त्या दिवशी तुमची सुट्टी आहे हे माहीत आहे, तरी माझी १ ते ९ ची ड्युटी तुम्ही कराल का? त्याबदल्यात याच आठवड्यात शुक्रवारी तुमची १ ते ९ मी करतो, तुम्ही शुक्रवारी सुट्टी घ्या. जमेल की नाही ते शनिवार संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे मला शेठला कळवता येईल. नसेल जमत तर बिनधास्त सांगा, मी दुसरी सोय बघतो."

यात काय काय आहे बघा. वार आणि वेळ स्पष्ट आहे. कारण एका वाक्यात आहे, रडगाणं नाही. त्यांची सुट्टी जातेय हे मान्य केलंय. बदल्यात काय मिळणार ते त्याच मेसेजमध्ये आहे. उत्तर कधीपर्यंत हवं ते सांगितलंय. आणि नाही म्हणायला दार उघडं ठेवलंय.

हे शेवटचं वाक्य नुसतं गोड बोलणं नाही. कामाला नवीन लागलेला पोरगा जुन्या माणसाला नाही म्हणू शकत नाही. मालकाच्या भाच्याला तर कुणीच नाही म्हणत नाही. अशा वेळी मिळालेला "हो" खरा नसतो. ऐनवेळी ताप येतो, फोन बंद लागतो. नाही म्हणायची मोकळीक दिली की खरं उत्तर तीन दिवस आधी कळतं.

उत्तर "बघू" आलं तर ते "नाही" समजा. "बघू" वर कुणी राजूरची गाडी ठरवू नये.

दादा म्हणाले, "अरे, मलाही अंगारकीला जायचंय," तर विषय तिथेच संपला. सणाच्या दिवसाच्या बदल्यात साधा शुक्रवार देऊन घासाघीस करायची नाही, कारण दोन दिवसांची किंमत सारखी नाही. मग मुलाने शेठकडे रीतसर रजा मागावी आणि खाडा पडणार असेल तर तो मान्य करावा.

बदली माणूस तेच काम करू शकतो का?

तास जुळले म्हणजे अदलाबदल जुळली असं नाही. मेडिकल स्टोअरचं उदाहरण घ्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. फार्मासिस्टने आपली ड्युटी काउंटरवरच्या मुलाला दिली, तर माणूस हजर आहे पण दुकान नियमात नाही. ही अदलाबदल फार्मासिस्ट-फार्मासिस्टमध्येच होऊ शकते. आपल्या किराणा दुकानातही बिलिंगचं मशीन येत नसलेला माणूस गल्ल्यावर बसवता येत नाही. म्हणून मालकाने आधीच ठरवून ठेवावं की कोण कुणाच्या जागी चालतो.

मालक म्हणून तुमचं काम

दादा "हो" म्हणाले तरी बदल अजून झालेला नाही. मुलाने दोघांच्या वतीने शेठला कळवायचं: "मंगळवारी माझ्याऐवजी दादा, शुक्रवारी दादांऐवजी मी." दादांनी त्याखाली "मान्य" लिहायचं, शेठने "ठीक" लिहायचं. तीन ओळी, एकाच ग्रुपवर. त्या क्षणापासून मंगळवारची जबाबदारी दादांची. ते आले नाहीत तर खाडा दादांचा, मुलाचा नाही. हे आधी सांगून ठेवलं की नंतरची भांडणं होत नाहीत.

हजेरीत ज्या दिवशी जो प्रत्यक्ष हजर, त्याचीच सही. "महिनाअखेर सारखंच होतं ना," म्हणून मुलाच्या नावावर दादांचा दिवस लावू नका. त्या दिवशी गल्ल्यात पैसे कमी आले किंवा कुणाला काही लागलं, तर पहिला प्रश्न "कोण होतं?" हाच असतो. त्याच कारणासाठी दोघांनी आपसात रोख पैसे देऊन ड्युटी विकत घ्यायची नाही, दिवसाच्या बदल्यात दिवस एवढंच चालेल.

आणि सोमवारी रात्री जाताना मुलाने दादांसाठी तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: गल्ल्यात मोजून किती रक्कम ठेवली, कोणत्या गिऱ्हाईकाचं सामान बांधून ठेवलंय, आणि मंगळवारी कोणाचा माल येणार आहे. दादांनी गल्ला मोजूनच बसायचं.

शेवटचं, एक वही ठेवा. त्यात तारीख, कुणी मागितलं, कुणी केलं, परत कधी फेडलं, एवढे चार रकाने. तीन महिन्यांनी ती उघडा. एकच नाव सारखं मागणाऱ्यांत दिसत असेल तर अदलाबदलीने प्रश्न सुटणार नाही, त्या माणसाची शिफ्टच त्याला जमत नाहीये. त्याला बोलावून शिफ्ट बदलून द्या. आणि एकच नाव सारखं करणाऱ्यांत दिसत असेल, तर तो माणूस नाही म्हणू शकत नाहीये. त्याच्याशी आधी बोला, तो काम सोडून जायच्या आत.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या कामाच्या ठिकाणचं पुढच्या दोन आठवड्यांचं ड्युटीचं वेळापत्रक कागदावर काढा. त्यात एक अदलाबदल करून बघा, दोघांचे आठवड्याचे तास आणि सलग दिवस मोजा. ४८ च्या आत बसलं तर मग वरचा मेसेज तुमच्या शब्दांत लिहा.