तीन चलनांची फेरी आणि कोर्सची फी

बारावीचा निकाल लागला की हल्ली पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "मुलगा म्हणतो, कॉलेज नको, फॉरेक्सचा कोर्स करतो. तीन चलनांत पैसे फिरवले की बिनजोखमीचा नफा आहे. फी भरू का?"

भरू नका. का, ते कळण्यासाठी हे गणित मुलासोबत बसून कागदावर करा.

समजा, पौंडाचा दर १.२८ डॉलर आणि युरोचा १.१० डॉलर आहे. १.१० ला १.२८ ने भागलं की युरोची किंमत साधारण ०.८५९४ पौंड निघते. बाजारात मात्र युरो ०.८५७० पौंडाला, म्हणजे स्वस्त मिळतोय. मग १,००,००० डॉलरचे ७८,१२५ पौंड घ्या, त्या पौंडांतून ९१,१६१ युरो घ्या आणि ते विका. हातात १,००,२७७ डॉलर येतात. नफा २७७ डॉलर. यालाच त्रिकोणी आर्बिट्राज म्हणतात. फेरी उलट्या दिशेने मारली, तर तोटा.

क्लासवाले इथेच थांबतात. पण बाजारात प्रत्येक जोडीला दोन दर असतात. आपल्याला घ्यायचं असतं तेव्हा महाग, विकायचं असतं तेव्हा स्वस्त. वरचे आकडे या दोन्हींच्या मधले होते. पौंड १.२८१० ला आणि युरो ०.८५८० ला घ्यावा लागला, शेवटी युरो १.०९९० ला विकला गेला, तर हातात उरतात ९९,९९१ डॉलर. म्हणजे ९ डॉलर खिशातून गेले, दलाली वेगळीच. खरी तफावत आलीच, तर मोठ्या बँकांचे संगणक ती क्षणार्धात मिटवतात. तुमचा पहिला सौदा होऊन दुसऱ्याचा दर हलला, की नको असलेले पौंड गळ्यात पडतात.

त्यात कायद्याचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेची परवानगी नसलेल्या परदेशी ॲपवर असे सौदे करणं फेमाचं उल्लंघन ठरू शकतं. अशा प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी बँकेने २०२२ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. ॲपचं नाव यादीत नाही, एवढ्यावरून ते अधिकृत ठरत नाही.

मुलाला दरांचं हे गणित खरंच आवडत असेल, तर अडवू नका. पण त्याला कॉमर्स किंवा संख्याशास्त्राची पदवी घेऊ द्या आणि सोबत एनआयएसएमची करन्सी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा देऊ द्या. बँकांच्या ट्रेझरीत सौदे जुळवणारी, हिशेब तपासणारी माणसं लागतात. या कामाला महिन्याचा पगार असतो, तरी पालक त्याबद्दल विचारतच नाहीत.

आणि पालकांनो, शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरचा नफा दाखवून आपल्या मुलाला टोचू नका. त्या दबावापोटीच मुलं घरचे पैसे अशा ॲपमध्ये घालतात. फी मागणाऱ्याकडे आधी खरेदी-विक्रीचे दोन्ही दर धरून केलेला हिशेब मागा. तो देत नसेल, तर उठून या.