पस सेल्स वाढल्या म्हणजे इन्फेक्शनच का?

प्रश्न : आईच्या लघवीच्या रूटीन तपासणीत तीन ओळी ठळक अक्षरांत आल्या आहेत. तिला त्रास काहीच नाही. तरी शेजारी म्हणतात, इन्फेक्शन आहे, गोळ्या सुरू करा. हा रिपोर्ट कसा वाचायचा?

उत्तर : शेजाऱ्यांनी बहुधा एकच ओळ वाचली असावी. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमधल्या ठळक ओळी आणि त्यांच्याशी संबंध असलेल्या दोन साध्या ओळी शेजारी-शेजारी मांडून पाहू. पेशींचे आकडे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्रातले आहेत.

| तपासणी | रिपोर्टमध्ये | अपेक्षित | शक्य अर्थ |
|---|---|---|---|
| पस सेल्स | 10-12 | 0-5 | मूत्रमार्गाला सूज, किंवा बाहेरून मिसळलेल्या पेशी |
| एपिथेलियल सेल्स | 15-20 | मोजक्या | नमुन्यात बाहेरच्या भागातल्या पेशी आल्या |
| प्रोटीन | ट्रेस | नाही | लघवी दाट; कधी मूत्रपिंडाची तक्रार |
| स्पेसिफिक ग्रॅव्हिटी | 1.030 | 1.005-1.030 | पाणी कमी प्यायलेले |
| नायट्राइट | निगेटिव्ह | निगेटिव्ह | जंतूंचा पुरावा मिळाला नाही |

आता दुसरी ओळ आधी वाचा. सपाट एपिथेलियल पेशी मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि योनीमार्गात असतात. त्या इतक्या दिसल्या, म्हणजे लघवी बाटलीत जाताना तिथला स्राव सोबत आला. त्या स्रावात पस सेल्सही असतात. त्यामुळे पहिल्या ओळीतला आकडा मूत्राशयातलाच आहे, असे या नमुन्यावरून सांगता येत नाही.

प्रोटीनचेही तसेच. लघवी दाट असली की एरवी न दिसणारे किंचित प्रोटीनही पट्टीवर उमटते. मूत्रपिंड बिघडल्याचा निष्कर्ष त्यावरून काढू नये. मात्र पुन्हा तपासूनही ते दिसत राहिले, तर डॉक्टरांनी त्याचा शोध घ्यायलाच हवा.

नायट्राइट निगेटिव्ह आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात, पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास राहावी लागते, आणि काही जंतूंना ते जमतच नाही.

तेव्हा नमुना पुन्हा द्यावा. आईंनी ती जागा साध्या पाण्याने धुवावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी. बाटली दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. उशीर झाला तर पेशी फुटतात आणि जंतू वाढतात. मग आकडे दोन्हीकडून फसवतात.

या वेळी एपिथेलियल सेल्स कमी आणि पस सेल्स मात्र तेवढ्याच आल्या, तर तो आकडा खरा मानावा. तरीही त्रास नसताना प्रतिजैविक सहसा देत नाहीत; गर्भवती स्त्रिया हा त्यातला मोठा अपवाद. जळजळ सुरू झाली तर डॉक्टरांना विचारून कल्चरचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्या, कारण गोळीनंतर जंतू असूनही कल्चर कोरे येऊ शकते. थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.