मेसेज आला नाही, म्हणजे माल आहे?

आमच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाची ही गोष्ट. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या पुण्यातल्या भाच्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती. रात्री सव्वादहाला बिलिंगच्या पीसीवरून शिल्लक मालाची `stock.csv` एका जुन्या लिनक्स मशिनवर यायची. अकराला क्रॉन स्क्रिप्ट चालवायचा आणि किमान साठ्याखाली गेलेल्या जिनसांची नावं काकांच्या मोबाइलवर जायची. एप्रिलच्या शेवटी, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, पापडखार आणि साबुदाणा मागायला आलेल्या बायका रिकाम्या हाताने परत जाऊ लागल्या. काका म्हणाले, "मेसेज नाही आला, म्हणून मी धरून चाललो की माल आहे." त्या तपासात जे हाती लागलं, ते असं.

१. स्क्रिप्ट चालली, एवढ्याने काम झालं असं होत नाही.

मी आधी क्रॉनचा लॉग पाहिला. रोज रात्री अकराची नोंद बिनचूक होती, एररचा मागमूस नव्हता. मग फाइल पाहिली. `ls -l` ने तारीख दाखवली ३१ मार्च. १ एप्रिलला बिलिंग सॉफ्टवेअरने नव्या आर्थिक वर्षासाठी `2025-26` हे नवं फोल्डर उघडलं आणि फाइल तिथे टाकायला सुरुवात केली. स्क्रिप्टमध्ये मात्र `2024-25` हाच पत्ता पक्का लिहिलेला. जुनी फाइल जागेवरच असल्यामुळे "फाइल नाही" अशी तक्रार व्हायचंही कारण नव्हतं. फाइल गायब झाली असती तर बरं झालं असतं, निदान कुठेतरी एरर तरी उमटली असती.

२. त्रास नको म्हणून केलेली सोय नीट तपासावी.

सुरुवातीला तीच तीच नावं रोज यायची आणि काका वैतागायचे. म्हणून भाच्याने कालची आणि आजची यादी ताडून फक्त नवी नावं पाठवायची व्यवस्था केली:

```
comm -13 kal.txt aaj.txt
```

दुसऱ्या यादीत आहे आणि पहिल्या यादीत नाही, तेवढंच ही ओळ दाखवते. ओळ बरोबरच आहे. पण रोज तीच शिळी फाइल वाचली तर काल आणि आज सारखेच. नवं नाव निघणार कुठून? मग मेसेज नाही. जुन्या पद्धतीत तीच यादी रोज आली असती, आणि "अहो, गूळ तर परवाच भरला, अजून कमी कसा?" असं काकांनीच दुसऱ्या आठवड्यात विचारलं असतं.

३. आधी फाइलचं वय विचारावं, मग आतला मजकूर.

दुरुस्तीत पहिल्यांदा पत्ता बदलला, पण ती मलमपट्टी झाली. खरी भर या ओळीची:

```
find "$F" -mmin -120 | grep -q . || ./pathav.sh "stock.csv juni aahe"
```

`$F` म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता. गेल्या दोन तासांत फाइल बदललेली नसेल, किंवा मुळात नसेलच, तर लगेच मेसेज जातो. ताजी पण अर्धवट उतरलेली फाइल मात्र यातून निसटते. म्हणून ओळीही मोजायला लावल्या. नेहमीपेक्षा फार कमी भरल्या, तर तोही बोभाटा.

४. गप्प बसण्याचा अर्थ एकच ठेवावा.

मशिन बंद पडलं किंवा इंटरनेट गेलं, तर वरचं काहीच उपयोगी नाही. बंद मशिन स्वतःची खबर देऊ शकत नाही. म्हणून आता माल कमी असो वा नसो, रोज एक ओळ जाते: "तपासणी झाली, कमी ०, साखर ३८ किलो." साखर मुद्दाम घातली. ती दुकान उघडं असलेल्या प्रत्येक दिवशी खपते. सलग दोन दिवस आकडा तोच दिसला, तर आकडे शिळे आहेत हे काकांना कॉम्प्युटरचं काहीही न कळता कळतं. हीच ओळ भाच्यालाही जाते, कारण रोजचा मेसेज माणूस आठवड्याभरात वाचेनासा होतो. दोघांपैकी एकाला तरी आकडा खटकेल, एवढीच आशा. (दिवसाला एकच ओळ हवी, असं मी भाच्याला बजावलं. तो तक्ता पाठवायच्या विचारात होता.)

५. मुद्दाम मोडून पाहावं.

एका रात्री फाइल आल्या आल्या तिचं नाव बदलून ठेवलं; अकराला "जुनी आहे" असा मेसेज आला. दुसऱ्या रात्री राउटरची वायर काढली. मेसेज आला नाही, आणि भाच्याचा फोन यायला सकाळचे दहा वाजले. काकांनी तेवढ्यात होलसेलवाल्याला ऑर्डर दिलीही होती, रॅकवर नजर टाकून. १ एप्रिलला फोल्डर बदलतं, म्हणून ही मोडतोड त्याच आठवड्यात करायची असं ठरलंय; काकांनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, उधारीच्या तारखांशेजारी.