उशिरा सुरू होणारी उलटी अधिक घातक

मृगाचा पाऊस जिरला, आर्द्रा लागली की बांधावर, वारुळाशेजारी आणि बांबूच्या बनात छत्र्या वर येतात. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात सात्या. आठवडी बाजारात टोपली उतरायचा अवकाश, तासाभरात संपते. वर्षातून मोजके दिवस मिळणारी ही भाजी कोणी खाऊ नये, असे सांगायला हा लेख नाही. पिढ्यानपिढ्या त्याच वारुळावरची अळंबी काढणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवायची आमची पात्रता नाही. पण रानातल्या छत्र्यांत एक विष असे आहे की ते खाल्ल्यावर माणूस रात्रभर गाढ झोपतो, सकाळी आजारी पडतो, तिसऱ्या दिवशी बरा वाटतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचे यकृत बंद पडते. या वेळापत्रकाची माहिती नसल्यामुळे माणसे दवाखान्यातून लवकर घरी येतात, आणि तिथेच घात होतो.

या विषाला ॲमाटॉक्सिन म्हणतात. ॲमॅनिटा वंशातल्या काही जाती, लहान आकाराच्या लेपिओटा जाती आणि कुजक्या लाकडावर येणारी गॅलेरिना यांत ते सापडते. यांतली सर्वांत कुप्रसिद्ध जात ॲमॅनिटा फॅलॉइडीस. तिची टोपी फिकट हिरवट-पिवळसर, पाकळ्या पांढऱ्या, देठावर पातळ कडे आणि बुडाशी मातीत लपलेली पिशवी. ती मूळची युरोपातली, ओकसारख्या झाडांच्या मुळांशी जोडी करून वाढणारी. मेघालयात पश्चिम जयंतिया हिल्समधल्या लामिन गावी एप्रिल २०२० मध्ये रानछत्र्या खाऊन सहा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने हेच नाव घेतले होते. त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या पट्ट्यात तेरा माणसे रानछत्र्या खाऊन दगावली आणि दिब्रुगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही दिवसांत पस्तीसेक रुग्ण दाखल झाले. रानात वावरणाऱ्या, छत्र्या ओळखतो असे मानणाऱ्या माणसांवरही ही वेळ येते.

प्रमाण ऐकले की अंदाज येतो. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम ॲमाटॉक्सिन जीव घ्यायला पुरते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम. फॅलॉइडीसच्या एकाच भरदार छत्रीत एवढे विष असू शकते. दहा-बारा किलोच्या लेकराला तर एखादा तुकडाही पुरे. शिजवून, तळून, वाळवून किंवा उकळलेले पाणी ओतून देऊन हे विष जात नाही. चवीतही काही खोट लागत नाही. यातून वाचलेल्यांनी भाजी रुचकर होती असेच सांगितले आहे.

आता उशीर का होतो ते पाहू, कारण सगळे मर्म तिथेच आहे. ॲमाटॉक्सिन पेशी जाळत नाही, फोडत नाही. ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि तिथे जनुकांवरून प्रथिनांचे आदेश उतरवून घेणाऱ्या एका एन्झाइमला घट्ट धरून बसते. त्या एन्झाइमचे नाव आरएनए पॉलिमरेज दोन. तेच अडकले की नवे आदेश निघत नाहीत, म्हणून नवी प्रथिने बनत नाहीत. पण आधी बनलेली प्रथिने लगेच नाहीशी होत नाहीत. विहिरीवरची मोटर जळाली तरी वरच्या टाकीत पाणी आहे तोवर घरातला नळ चालतो, तसा पेशीचा कारभार शिल्लक मालावर काही तास, काही ठिकाणी दोन-तीन दिवस, चालू राहतो. त्या काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही. जी पेशी झपाट्याने प्रथिने खर्च करते, तिची टाकी आधी रिकामी होते.

पहिला मार बसतो आतड्याच्या अस्तराला. विषाशी त्याची गाठ सर्वांत आधी पडते आणि त्याच्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात. म्हणून जेवणानंतर साधारण सहा ते बारा तासांनी, कधी चोवीस तासांपर्यंत, उलट्या आणि तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब सुरू होतात. यकृताचे मात्र वेगळे. पित्तातली द्रव्ये आत घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जी दारे असतात, त्याच दारांतून हे विष आत शिरते, म्हणून ते यकृतात अधिक साठते. शिवाय यकृत ते पित्ताबरोबर आतड्यात सोडते, आतडे ते पुन्हा शोषते आणि रक्तावाटे ते परत यकृतात येते. एकदाच खाल्लेले विष असे पुन्हा पुन्हा फिरत राहते. बाकीचे मूत्रपिंडांवाटे लघवीतून जाते, आणि जाता जाता मूत्रपिंडांनाही इजा करते.

एक उदाहरण घड्याळ लावून मांडू. समजा, रविवारी रात्री आठ वाजता घरातल्या चौघांनी अळंबीचे कालवण खाल्ले. सगळे नीट झोपले. सोमवारी पहाटे सहाला, म्हणजे दहा तासांनी, थोरल्याला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत चौघेही आजारी. गावातल्या डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले? काल रात्रीची गोष्ट कोणाच्या ध्यानातच नाही. सकाळी घेतलेल्या चहावर किंवा विहिरीच्या पाण्यावर संशय गेला. सलाइन लागले. मंगळवारी सकाळी जुलाब थांबले, पोरे उठून बसली. निदान गॅस्ट्रोचे, गोळ्या देऊन सगळे घरी. बुधवारी थोरला पेज जेवला, म्हशींना चारा घालून आला. याच दिवशी त्याचे रक्त तपासले असते तर यकृतातली एन्झाइमे हजारांच्या घरात चढलेली दिसली असती. गुरुवारी संध्याकाळी डोळे पिवळे, हिरड्यांतून रक्त, बोलण्यात विसंगती. आता जिल्हा रुग्णालय गाठले तरी चार दिवस हातचे गेलेले असतात.

मंगळवार-बुधवारची ती सुधारणा खरीच असते, हे ध्यानात घ्या. सलाइनने पाणी आणि क्षार भरून निघतात, आतड्याचे अस्तर सावरू लागते. मोडत असते ते यकृत, आणि यकृत दुखत नाही. त्याची राखीव ताकदही मोठी, त्यामुळे बराचसा भाग निकामी होईपर्यंत बाहेर खूण दिसत नाही. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवते, आणि त्यांतले काही अवघ्या काही तासांत संपतात. म्हणून यकृताची बिघडलेली अवस्था कावीळ दिसण्याआधी रक्त गोठण्याच्या चाचणीत, म्हणजे पीटी-आयएनआरमध्ये, उमटते. रुग्णाला बरे वाटत असतानाही यकृताची एन्झाइमे, पीटी-आयएनआर, क्रिएटिनिन आणि साखर दर बारा तासांनी तपासायला सांगण्याचे कारण हे आहे. दोन-तीन दिवस हे आकडे स्थिर राहिल्याशिवाय रुग्णाला घरी आणू नये, मग तो कितीही हट्ट करो.

यातून एक ठोकताळा निघतो. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलटी झाली तर ती बहुधा दुसऱ्या कुठल्या छत्रीची बाधा असते. आपल्याकडे कुरणांत आणि हिरवळीवर येणारी हिरव्या बीजाणूंची मोठी पांढरी छत्री असा त्रास देते. माणूस बेजार होतो पण सहसा वाचतो. सहा तास उलटल्यावर पहिली उलटी झाली तर मात्र ॲमाटॉक्सिन धरूनच चालावे. या ठोकताळ्याला एक मोठी फट आहे. टोपलीत दोन-तीन जातींची सरमिसळ असेल तर साधी विषारी जात लवकर उलटी करवते आणि मागून ॲमाटॉक्सिन आपले काम करतच राहते. म्हणून उलटी लवकर झाली एवढ्यावर सुटकेचा निःश्वास टाकू नये. निश्चिंती हवी तर खाल्लेल्या छत्रीची एकच जात होती याची खात्री पाहिजे, आणि ती शिजलेल्या कालवणात होत नाही.

गावोगाव चालणाऱ्या चाचण्याही या विषापुढे फोल ठरतात. चांदीचे नाणे किंवा लसणाची पाकळी काळी पडते का ते पाहणे निरर्थक आहे. ॲमाटॉक्सिनने दोन्हींचा रंग बदलत नाही. किडा लागला म्हणजे छत्री निर्धोक, हेही खोटे. काही किड्यांना हे विष बाधत नाही आणि उंदीर ते बऱ्याच अंशी पचवतो. आधी कुत्र्याला घालून पाहू, किंवा घरातल्या एकाने तासभर आधी खाऊन पाहावे, ही चाचणी तर सर्वांत फसवी. कुत्राही माणसासारखाच उशिरा आजारी पडतो. तो मरेल तेव्हा तुमचे जेवण होऊन दोन-तीन दिवस उलटलेले असतील.

ओळखीबाबत एकच गोष्ट सांगतो. छत्री देठातून खुडू नका, बुडाखालची माती उकरून सबंध काढा. वारुळावरच्या अळंबीचा देठ खाली निमुळता होत मुळासारखा खोल वारुळात जातो आणि टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. बुडाशी पिशवी किंवा कंदासारखा फुगवटा, देठावर कडे आणि पाकळ्या पांढऱ्या, हे तिन्ही एकत्र दिसले तर ती टाकून द्या. कोवळी, अंड्यासारखी बंद छत्री तर घेऊच नये, तिच्यात ही लक्षणे अजून झाकलेली असतात. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या भूछत्रालाही बुडाशी पिशवी असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आग्नेय आशियाई कुटुंबांनी ओळखीचे तेच भूछत्र समजून फॅलॉइडीस उचलल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. धिंगरीच्या शेडमध्ये पेंढ्याच्या पिशवीवर एखादी परकी छत्री उगवली तर ती तोडणीच्या क्रेटमध्ये जाऊ देऊ नका. विकत घेतलेल्या खात्रीच्या बियाण्यावर वाढलेल्या धिंगरीत किंवा बटणात ॲमाटॉक्सिन नसते, पण रानातली पाटीभर छत्री त्यात मिसळून विकणे हा गुन्हेगारी अविचार आहे.

उपचारांबद्दल फसवी आशा नको. या विषावर हमखास उतारा नाही. भरपूर सलाइन, यकृताकडून आतड्यात येणारे विष अडवण्यासाठी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सक्रिय कोळसा, एन-ॲसिटिलसिस्टीन, शिरेतून पेनिसिलिन, आणि मिळाले तर सिलिबिनिन हे उपाय डॉक्टर वापरतात. ते जितके लवकर सुरू होतील तितके बरे. यकृत सावरलेच नाही तर प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही, आणि ती सोय मोठ्या शहरांतच आहे. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात पोचताच पुढे कुठे हलवायचे याची विचारणा करा. कावीळ दिसण्याची वाट पाहू नका.

संशय येताच १०८ ला फोन करा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सर्वांना दवाखान्यात न्या, ज्यांना काहीच होत नाही त्यांनाही. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. उरलेली भाजी डब्यात, साफ करताना टाकलेले देठ-बुडखे कागदी पिशवीत घ्या. प्लॅस्टिकमध्ये ते घामेजून सडतात. आणि दोन वेळा कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या: जेवण किती वाजता झाले, आणि पहिली उलटी किती वाजता झाली.